नंदीबैलाची ओळ

मी स्वभावाने खवचट आहे, हे आधीच सांगून टाकते. घरात मला लहानपणापासून फटकळ म्हणत, पण फटकळ माणूस बोलून मोकळा होतो. मी बोलले नाही, तीच एक गोष्ट इथे सांगायची आहे. न बोलण्यातही किती खवचटपणा मावतो, ते मला माजिवड्याच्या कारखान्यात कळलं.

आमच्या कारखान्यात विजेच्या खांबांवर बसवायचे चिनी मातीचे इन्सुलेटर होत. तपकिरी, चकचकीत, वीतभर उंचीचे, एकावर एक बशा पालथ्या घातल्यासारखे. संख्याशास्त्रात पदवी घेऊन मी तिथल्या कॉम्प्युटर विभागात लागले तेव्हा विभाग म्हणजे मी, एक टायपिस्ट, एक प्रिंटर आणि एक एअरकंडिशनर होता. एअरकंडिशनर मशीनसाठी होता, आमच्यासाठी नव्हे. दुपारी बायका थंड हवेसाठी काहीतरी निमित्त काढून आत येत आणि मी त्यांना हाकलून देई. मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

पहिल्याच वर्षी माझं नाक एकदा कापलं गेलं होतं. कँटीनमध्ये रोज किती ताटं लागतील याचा अंदाज बांधायला मला सांगितलं. मी वार, सणवार, हजेरी, पाळ्या सगळं घालून लांबलचक सूत्र तयार केलं. कँटीनचा आचारी मात्र गेल्या महिन्याची सरासरी काढायचा आणि रोज तेवढाच भात शिजवायचा. महिनाअखेर हिशेब लावला तर त्याची चूक माझ्या सूत्रापेक्षा कमी होती. त्याने मला एक वाटी जास्त आमटी वाढली आणि म्हणाला, ताई, आधी सरासरीला हरवा, मग मला शिकवा. मी ती आमटी तशीच टाकून उठले. पण धडा डोक्यात पक्का बसला: कुठलंही हुशार यंत्र चालवायच्या आधी, काहीही डोकं न चालवता किती बरोबर येतं ते बघावं. म्हणजे पुढे जे झालं ते मला ठाऊक नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

भट्टीतून निघालेल्या मालात काही नगांना आत तडा गेलेला असे. वरून दिसत नसे. असा नग खांबावर चढला की पाऊसपाण्यात, तारेच्या ताणाने कधीतरी फुटतो. खरी परीक्षा करायची तर नग ओढून आणि विजेचा दाब टाकून बघावा लागे. पण त्या यंत्रावर दिवसाला पन्नासच नग होत, आणि माल निघे त्याच्या कितीतरी पट. म्हणून रोजची तपासणी एका माणसाच्या कानावर चाले.

हा माणूस खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. पन्नाशीचा, काळा, ठेंगणा, कानात बारीक सोन्याची बाळी. सगळे त्यांना काका म्हणत, मीही. ते स्टुलावर बसत, डाव्या हाताने नग उचलत आणि उजव्या हातातल्या लाकडी हातोडीने हलकेच ठोकत. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो तसंच. चांगला नग वाजे, तडकलेला बद्द बोले. बद्द बोलला की काका त्यावर खडूने फुली मारत, आणि फुलीचा नग मागच्या खड्ड्यात नेऊन फोडत. हे कुठे शिकलात असं मी विचारलं होतं, तर म्हणाले, बापाच्या होडीच्या फळ्या ठोकून. कुजकी फळी बोलते, फक्त तिचं ऐकून घ्यावं लागतं.

आमचे मॅनेजर साहेब एका परिसंवादाला जाऊन आले आणि न्यूरल नेटवर्क हा शब्द घेऊन आले. जुनी उदाहरणं दाखवली की मशीन आपोआप शिकतं, एवढं त्यांना समजलं होतं. त्यावेळी मलाही याहून फार समजत नव्हतं. पण मुख्य कचेरीत त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की तपासणी यापुढे कॉम्प्युटर करेल. मला म्हणाले, हे जमलं तर तुमच्या नावापुढे ऑफिसर लागेल. काकांना त्यांनी काही सांगितलं नाही. त्यांची जागा आणि माझी बढती एकाच तक्त्यावर ठरणार होती, आणि ते फक्त मला आणि साहेबांना माहीत होतं.

मी पाच महिने खपले. यंत्रावर परीक्षा झालेल्या काही हजार जुन्या नगांच्या नोंदी होत्या. कोणत्या गाड्यातली माती, किती दिवस वाळवला, भट्टी किती तापली, किती वेळात थंड केली, आणि शेवटी चांगला की खराब. हे सगळं मी मशीनला भरवलं. मशीन रात्रंदिवस घुमत राही. शिकून झालं की ते प्रत्येक नगासाठी शून्य ते एक यांमधला आकडा देई. अर्ध्याच्या वर असेल तर चांगला, खाली असेल तर खराब.

मी आकडे पहिल्यांदा बघितले. सगळे एकाच ठिकाणी घुटमळत होते, पंच्याण्णव-शहाण्णव शतांशांच्या आसपास. जुन्या नोंदीत शंभरात शहाण्णव नग चांगले होते. मशीनने माती, भट्टी, वाळवण यातलं जवळजवळ काहीच धरलं नव्हतं. बहुतेक नग चांगले असतात, एवढीच एक गोष्ट ते शिकलं होतं आणि तीच प्रत्येक नगाबद्दल सांगत होतं. मी स्वतःला समजावलं की नव्या मालावर बघू.

परीक्षा ठरली. एक हजार नग. आधी काका ठोकून बघणार, पण फुली न मारता नोंदवहीत लिहिणार. माझं मशीन आपली यादी छापणार. मग हजारही नग वीस दिवस यंत्रावर चढवून खरं काय ते कळणार. काका तीन दिवस ठोकत बसले. तिसऱ्या दिवशी माझी यादी छापताना ते दारात येऊन उभे राहिले, त्यांच्यामागे चारपाच कामगार. प्रिंटर करकरत होता. चांगला, चांगला, चांगला, चांगला. एक पान झालं, दुसरं झालं, तिसरं झालं.

काकांनी विचारलं, "बाय, ह्याला नाय म्हनता येतं काय?"

मी म्हटलं, खराब आला की म्हणेल.

चौथं पानही तसंच गेलं. तेव्हा ते अगदी सहज म्हणाले, "ह्यो तर नंदीबैल हाय. कायबी इचार, मान डोलवतंय."

कामगार हसले. टायपिस्टसुद्धा हसली, थंड हवेत बसून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहावीपर्यंत न शिकलेल्या माणसाने, माझ्या खोलीच्या दारात, चपला काढून उभं राहून माझ्या पाच महिन्यांना एका शब्दात निकालात काढलं होतं. आणि तो शब्द बरोबर आहे हे मला आतून माहीत होतं, म्हणून राग दुप्पट. एकूण यादीत मशीनने हजारांपैकी तीन नगांना खराब म्हटलं. ते तीन मी त्यांना पान काढून दाखवले. ते मान हलवून निघून गेले.

वीस दिवसांनी निकाल आला. हजारात चाळीस नग खरे खराब निघाले. काकांनी सत्तर नगांना खराब म्हटलं होतं. त्यातले चौतीस खरोखर खराब होते आणि छत्तीस चांगले. सहा खराब नग त्यांच्या कानातून निसटले. म्हणजे एकूण चुका बेचाळीस. मशीनने खराब म्हटलेल्या तीन नगांत एक खराब होता, दोन चांगले. एकोणचाळीस खराब नग त्याने बेधडक चांगले ठरवले. चुका एक्केचाळीस.

मी जिंकले होते, एका चुकीने. तरी त्या शब्दाचा काटा जाईना. काकांना खोटं पाडायचं म्हणून मी तक्त्यात तिसरी ओळ घातली आणि तिचं नाव ठेवलं नंदीबैल. नंदीबैल म्हणजे नगाकडे न बघता प्रत्येकाला चांगला म्हणणारा. त्याच्या चुका मोजायला काही लागत नाही, जेवढे खराब तेवढ्या चुका. चाळीस.

मी तिन्ही ओळी पुन्हा मोजल्या. नंदीबैल पहिला आला होता. माझं मशीन त्याच्याही मागे होतं. आणि काका तिसरे, याचा अर्थही उलटा होता. ज्या परीक्षेत झोपलेला पहिला येतो, ती परीक्षाच चुकीची. म्हणून मी शेजारी आणखी एक रकाना आखला: खराब नगांपैकी पकडले किती. काका चौतीस. मशीन एक. नंदीबैल शून्य. आता कुठल्याही शहाण्या माणसाला दिसलं असतं की कारखान्यात ऐकू येणारा माणूस एकच आहे.

हा तक्ता प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदावर लिहून मी मॅनेजर साहेबांकडे नेला. ते वर्तकनगरच्या कॉलनीतून घडी केलेला रुमाल खिशात ठेवून येणारे, शांत, शुद्ध बोलणारे गृहस्थ होते. मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर मला आज बरं वाटलं असतं. त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं की हे काय. मी सांगितलं. त्यांना पहिल्या वाक्यात समजलं.

"ही ओळ तुम्हाला कुणी मागितली होती?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

त्यांनी स्पिरिटची बाटली आणि कापसाचा बोळा माझ्यापुढे सरकवला. त्यांनी एवढंच केलं. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. ओळ मी पुसली. रकानाही मीच पुसला, तो त्यांनी सांगितलाही नव्हता. पोटासाठी केलं म्हणायची सोय नाही. माझा नवरा कमावता होता. मला ऑफिसर व्हायचं होतं, आणि दारात हसणारे ते पाच चेहरे मला पुसायचे होते. शाई लगेच निघाली.

मुख्य कचेरीचे साहेब आले. पडद्यावर दोन ओळी झळकल्या: काका बेचाळीस चुका, कॉम्प्युटर एक्केचाळीस. पाहुणे साहेब म्हणाले, फरक एकाचाच आहे, पण कॉम्प्युटर तिन्ही पाळ्या करेल आणि सुट्टी मागणार नाही. मग त्यांनी काकांना आत बोलावलं आणि विचारलं की तुम्ही छत्तीस चांगल्या नगांना खराब म्हटलंत, म्हणजे रोज आमचा चांगला माल खड्ड्यात फोडता, असं का. काका हात बांधून उभे होते. त्यांचा एक हात दुसऱ्या हाताची बोटं धरून होता.

ते म्हणाले, "सायेब, शंका आली की फुली. खाली तार धरून मानूस असतंय."

कुणीतरी हसलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. नंदीबैल हा शब्द त्या खोलीत ज्या दोघांना माहीत होता त्यातली मी एक, आणि मॅनेजर धरले तर तिघे. काकांना वाटलं असावं की ही शिकलेली मुलगी आहे, हिला कळलंय, ही बोलेल. मी पारदर्शक कागद सरळ केला. तो वाकडा नव्हता.

महिन्याभरात स्टूल गेलं. काका कायम कामगार होते, त्यांना काढता येत नव्हतं, म्हणून त्यांची बदली बॉल मिलला झाली. बॉल मिल म्हणजे खोलीएवढं लोखंडी पिंप. त्यात दगड, पाणी आणि गारगोट्या घालून ते दिवसभर फिरवायचं, म्हणजे दगडाचं पीठ होतं. त्या शेडमध्ये माणसं खुणांनी बोलत. कानात घालायला कापूस मिळे, तोही मागितला तर. कानावर पोट भरलेल्या माणसाला कारखान्यातल्या सगळ्यात कर्कश जागी पाठवलं गेलं, आणि ते कुणी मुद्दाम केलं नव्हतं. जागा तिथेच रिकामी होती.

मी ऑफिसर झाले. पेढे वाटले. काकांना टायपिस्टच्या हाती एक पाठवला, स्वतः गेले नाही. तो त्यांनी खाल्ला असं ती म्हणाली.

दोनेक वर्षांनी माल परत येऊ लागला. आधी एक पेटी, मग ट्रकच्या ट्रक. तारांवरचे नग मधोमध उभे फुटत होते. एका पत्रात अपघात असा शब्द होता. माणूस जखमी झाला की मेला ते लिहिलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. मॅनेजर साहेबांनी मला बोलावून विचारलं की मशीनने हे सगळे नग चांगले म्हटले होते का. मी म्हटलं, मशीन सगळ्यांनाच चांगलं म्हणतं, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी घडीचा रुमाल काढून चष्मा पुसला. मग म्हणाले, म्हाताऱ्याला परत बसवू या, पण मुख्य कचेरीला दाखवायला त्याची परीक्षा घ्या, तशीच, हजार नगांची.

स्टूल परत आलं. हातोडी काकांनी घरी नेऊन ठेवली होती, ती ते फडक्यात गुंडाळून घेऊन आले. केस पांढरे झाले होते. मी नमस्कार केला, ते हसले. मला फार बरं वाटलं, अगदी निर्लज्जपणे बरं वाटलं. केलेलं पाप आपोआप फिटतंय असं वाटलं.

पहिला नग त्यांनी ठोकला आणि कानाजवळ नेला. पुन्हा ठोकला, जोरात. पूर्वी ते नग कधी कानाशी नेत नसत. मग त्यांनी नग डावीकडे, चांगल्यांत ठेवला. दुसरा, तिसरा, दहावा. एक नग तर मलासुद्धा बद्द ऐकू आला, आणि तोही डावीकडे गेला. ठोकून झालं की ते क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत, मग मान डोलावत आणि ठेवून देत. संध्याकाळपर्यंत उजवीकडे एकही नग नव्हता.

मी त्यांच्या कानाशी वाकून, ओरडून विचारलं की काका, ऐकू येतं का.

ते हळू बोलायचं विसरले होते. सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाले, "नाय येत त चांगला म्हनायचं. चांगलेच जास्त असतात ना?" आणि मग, तेवढ्याच मोठ्याने, "कोनाला सांगू नको, बाय."

तीन दिवस ते बसले. हजारही नग चांगले. यंत्रावर त्यातले अडतीस खराब निघाले. मी मॅनेजर साहेबांना आकडा सांगितला तर ते खूश झाले. मागे बेचाळीस चुका होत्या, आता अडतीस, म्हातारा सुधारला की, असं म्हणाले. ते खरंच खूश होते. मागची पुसलेली ओळ ते साफ विसरले होते. आयुष्यात काही माणसांना ही देणगी असते.

या वेळी मी गप्प बसू शकत होते, आणि गप्प बसले असते तर काका स्टुलावर राहिले असते. पत्र्याखालच्या त्या जागेवर, पंख्याजवळ, निवृत्तीपर्यंत मान डोलावत. आणि खांबाखाली कुणीतरी तार धरून उभं राहिलं असतं. मी तक्ता केला. काका, अडतीस चुका, पकडलेले शून्य. खाली तिसरी नव्हे, दुसरीच ओळ: नंदीबैल, अडतीस चुका, पकडलेले शून्य. मॅनेजर साहेबांनी स्पिरिट पुढे सरकवलं नाही. आता ती ओळ कुणालाच अडचणीची नव्हती. ज्या ओळीने काकांना वाचवलं असतं ती मी पुसली होती, आणि जी त्यांना संपवणार होती ती मी सुवाच्य अक्षरात लिहिली.

स्वेच्छानिवृत्तीचा कागद त्यांच्यापुढे ठेवायचं कामही माझ्यावर आलं, कारण आता मी ऑफिसर होते. त्यात स्वेच्छा कुणाची, ते विचारायची पद्धत नाही. काकांनी सही करण्याआधी, हाताने खूण करून, निकाल मागितला. मी तक्ता दिला. आकडे त्यांना वाचता येत, अक्षरं लावत लावत. पहिली ओळ त्यांनी बोटाने वाचली. मग दुसरी. नं, दी, बै, ल. त्यांचं बोट तिथे थांबलं, आणि ते हसले, जुन्या ओळखीचं कुणी भेटावं तसे.

"ह्यो सबूद माझा हाय," ते म्हणाले. मग तक्ता टेबलावर ठेवून, शांतपणे पण त्यांच्या त्या मोठ्या आवाजात विचारलं, "ही वळ तवा कुटं होती, बाय?"

मी सांगितलं. तेव्हाही होती, मी लिहिली होती, आणि मीच माझ्या हाताने पुसली. एवढं सगळं, एका दमात, त्यांच्या तोंडासमोर बसून सांगितलं. ओरडले मात्र नाही, बाहेर लोक होते.

त्यांनी थोडा वेळ माझ्या ओठांकडे पाहिलं. मग मान डोलावली, आणि सही केली.